एका धावफलकावरचे तीन भाव

जुलै १९८१. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातलं हेडिंग्ली मैदान, ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसरी कसोटी. ऑस्ट्रेलियाने ४०१ धावांवर डाव सोडला होता, इंग्लंड १७४ मध्ये गारद झालं होतं आणि फॉलोऑनची नामुष्की ओढवली होती. तेव्हा मैदानावरच्या इलेक्ट्रॉनिक फलकावर लॅडब्रोक्स या बुकमेकर कंपनीचे भाव झळकले: ऑस्ट्रेलिया १/४, अनिर्णित ५/२, इंग्लंड ५००/१. हे भाव ठरवणारा माणूस होता गॉडफ्रे इव्हान्स, इंग्लंडचाच जुना यष्टिरक्षक. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने इंग्लंडवर दहा पौंड लावले आणि रॉडनी मार्शने पाच. पुढे इंग्लंडच्या बॉथमने नाबाद १४९ धावा केल्या, विलिसने ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं. लिली आणि मार्शला पुरेपूर पैसे मिळाले. खेळाडूने स्वतःच्या सामन्यावर पैसे लावणं आज क्रिकेटमध्ये गुन्हा आहे. त्या काळी तसा नियम नव्हता, तरी ती गोष्ट गैरच होती असं मला वाटतं.

पण भाव समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. भाव लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत: अपूर्णांकातली, दशांशातली आणि अमेरिकी. हे तीनच आकडे तिन्ही पद्धतींत लिहून पाहिले की सगळा गुंता सुटतो.

फलकावरची पद्धत अपूर्णांकाची. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये, विशेषतः घोड्यांच्या शर्यतींत, तीच रुळलेली आहे. तिच्यात वरचा आकडा नफ्याचा आणि खालचा लावलेल्या रकमेचा. म्हणजे ५/२ याचा अर्थ दोन पौंड लावा, जिंकलात तर पाच पौंड नफा. तुमचे दोन पौंड वेगळे परत मिळतात. लिलीच्या दहा पौंडांवर ५००/१ या भावाने ५००० पौंड नफा झाला. मुद्दल धरून ५०१०. ऑस्ट्रेलियाचा भाव १/४, म्हणजे चार पौंड लावावेत तेव्हा एक पौंड नफा. वरचा आकडा खालच्यापेक्षा लहान दिसला की त्या भावात तो संघ जिंकण्याची शक्यता निम्म्याहून जास्त धरली आहे, असं समजावं. दोन्ही आकडे सारखे असले, म्हणजे १/१, तर लावाल तेवढाच नफा.

बाकीच्या युरोपात आणि ऑस्ट्रेलियात दशांशाचा भाव चालतो. बँकेतल्या ठेवीत व्याज वेगळं आणि मुदतपूर्तीची रक्कम वेगळी, तसाच इथे फरक आहे. अपूर्णांक फक्त व्याज सांगतो, दशांश मुद्दलासकट हातात येणारी सगळी रक्कम सांगतो. म्हणून रूपांतर करताना आधी भागाकार करायचा आणि मग त्यात १ मिळवायचा. हा १ म्हणजे आपलं मुद्दल. ५ भागिले २ झाले २.५, त्यात १ मिळवला की ३.५०. एक भागिले चार झाले ०.२५, म्हणून ऑस्ट्रेलियाचा भाव १.२५. इंग्लंडचा ५०१.००.

नवखा माणूस सर्वात जास्त चुकतो ते इथेच, तो एक मिळवायला विसरतो. १/४ च्या बाबतीत ही चूक लगेच पकडता येते. उत्तर ०.२५ येतं, आणि दशांश भाव एकाच्या खाली कधीच जात नाही. गेला तर जिंकूनही मुद्दल घटलं असा त्याचा अर्थ होईल. ५/२ ची चूक मात्र लपून राहते. २.५ हा आकडा अगदी रास्त दिसतो, पण तो ३/२ चा भाव आहे, ५/२ चा नव्हे. शंका आली की शंभर रुपये लावले असं धरून दोन्हीकडून हिशेब करावा. ५/२ ने शंभरावर अडीचशे नफा, मुद्दलासकट साडेतीनशे. ३.५० ला शंभराने गुणलं तरी साडेतीनशेच. दोन्ही उत्तरं जुळली की रूपांतर बरोबर.

अमेरिकेत सगळा हिशेब शंभर डॉलरभोवती फिरतो. आकड्याआधी अधिक असेल तर शंभर लावल्यावर किती नफा होईल ते कळतं. उणे असेल तर शंभर नफ्यासाठी किती लावावे लागतील ते. उणे चिन्ह तोट्याचं नाही. ते लावलेल्या रकमेपेक्षा नफा कमी आहे एवढंच सांगतं, आणि उणे आकडा जितका मोठा तितकं त्या बाजूचं पारडं जड. ऑस्ट्रेलिया इथे होईल -४००, कारण चारशे लावले तर शंभर नफा. अनिर्णित सामना +२५०. इंग्लंड +५००००.

दशांशावरून अमेरिकी भाव काढताना आधी १ वजा करायचा, म्हणजे नुसता नफा उरतो. भाव २ किंवा त्याहून जास्त असेल तर उरलेल्या आकड्याला शंभराने गुणून अधिक चिन्ह द्यायचं: ३.५० मधून १ गेला, उरले २.५०, म्हणून +२५०. भाव २ पेक्षा कमी असेल तर शंभरालाच त्या उरलेल्या आकड्याने भागून उणे चिन्ह द्यायचं: १.२५ मधून १ गेला, उरले ०.२५, शंभर भागिले ०.२५ म्हणजे ४००, म्हणून -४००. -१०० आणि +१०० यांच्या मधला भाव अस्तित्वातच नसतो. तसं उत्तर आलं तर गुणाकाराच्या जागी भागाकार झाला आहे, किंवा उलट.

उलट्या दिशेने जाताना थोडी झीज होते. अमेरिकेत बरोबरीच्या लढतीत दोन्ही संघांपुढे -११० लिहिलेलं हमखास दिसतं. शंभर भागिले ११०, अधिक १, म्हणजे १.९०९०…, छापतात १.९१. या १.९१ वरून परत निघालं तर -१०९.९ च्या आसपास येतं. चूक कुणाचीच नसते, दोन दशांश स्थळांत तो भाव नेमका बसत नाही एवढंच. त्याचा अपूर्णांक १०/११. शिवाय ब्रिटिश बुकमेकर शाळेतल्यासारखा अपूर्णांक संक्षिप्त करत नाहीत. दीडपट नफ्याला ते ३/२ न लिहिता ६/४ लिहितात. किंमत तीच.

तिन्ही पद्धती दशांशात आणल्या की आणखी एक गोष्ट उघडी पडते, आणि माझ्या मते शिकण्यासारखी खरी गोष्ट तीच आहे. शंभराला दशांश भावाने भागलं की त्या भावात दडलेली शक्यता टक्क्यांत मिळते. ऑस्ट्रेलिया: शंभर भागिले १.२५, म्हणजे ८०. अनिर्णित: शंभर भागिले ३.५०, म्हणजे २८.५७. इंग्लंड: शंभर भागिले ५०१, म्हणजे ०.२०. फलकावरचे निकाल तीनच, तेव्हा बेरीज १०० यायला हवी. ती येते १०८.७७.

वरचे ८.७७ बुकमेकरचे. समजा कोणीही जिंको, आपल्या हातात शंभर पौंड यायलाच हवेत अशा बेताने कुणी तिन्ही निकालांवर पैसे लावले. त्याला ऑस्ट्रेलियावर ८०, अनिर्णितवर २८.५७ आणि इंग्लंडवर वीस पेन्स लावावे लागतील. खिशातून १०८.७७ पौंड गेले, परत आले शंभर. अमेरिकेतल्या -११० च्या जोडीतही तेच आहे: दोन्ही बाजूंची शक्यता ५२.३८ टक्के धरली जाते, बेरीज १०४.७६. म्हणून भावावरून काढलेला टक्का म्हणजे खरी शक्यता नव्हे. तो दुकानदाराचा नफा चढवून लिहिलेला असतो. भाव कुठल्याही पद्धतीत छापा, नफा तेवढाच राहतो.

अमेरिकेत २०१८ साली न्यू जर्सी राज्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची केंद्रीय आडकाठी काढून टाकली. तेव्हापासून तिकडच्या आपल्या मराठी नातलगांच्या टीव्हीवर सामन्याशेजारी +१५० आणि -१८० सतत दिसतात. भारतात मात्र २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आहे. इथे कुणी ॲपवर भाव दाखवून पैसे लावायला सांगत असेल, तर सगळ्या निकालांचे टक्के काढून त्यांची बेरीज करून पाहा आणि पैसे खिशातच ठेवा.