एसीच्या खोलीतले नेचे आणि कॅलाथिया

एसी खोली थंड करतो तेव्हा तो हवेतले पाणीही काढून घेतो. यंत्राच्या आतली कॉइल इतकी गार असते की तिच्यावरून फिरणाऱ्या हवेतली वाफ तिथेच थेंब होऊन साचते आणि नळीवाटे बाहेर टपकते. मे महिन्यात मुंबई-ठाण्याच्या 32 अंश तापमानाच्या आणि 70 टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला साधारण 24 ग्रॅम पाणी असते. 24 अंशांची हवा मात्र जास्तीत जास्त 22 ग्रॅमच पाणी धरू शकते. म्हणजे खोली नुसती गार करायची म्हटली तरी थोडे पाणी बाहेर पडणारच. प्रत्यक्षात एसी त्याच्या बराच पुढे जातो आणि आर्द्रता बहुधा 50 टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावते. दहा बाय बाराच्या खोलीत सुरुवातीला हवेत सुमारे 700 ग्रॅम पाणी असेल, तर त्यातले निम्म्याहून जास्त निघून जाते.

माणसाला ही हवा सुखाची वाटते. कॅलाथियाला वाटत नाही. ही झाडे ब्राझील, पेरू, इक्वाडोर या देशांतल्या वर्षावनांच्या तळाशी, मोठ्या वृक्षांच्या दाट सावलीत वाढतात. तिथे ऊन तुटपुंजे, म्हणून पाने रुंद. आणि हवा सदा ओली, म्हणून ती पातळ असली तरी चालते. (यातल्या बऱ्याच जातींना वनस्पतिशास्त्रज्ञ 2012पासून गोपर्टिया या प्रजातीत धरतात, नर्सरीत मात्र त्या कॅलाथियाच आहेत.) नेच्यांचे गणितही असेच आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात विहिरींच्या चिऱ्यांमधून आणि ओलसर दरडींवर हंसराज उगवतो, आणि पाऊस सरून हवा कोरडी पडली की दिसेनासा होतो. त्याचेच भाईबंद एसीच्या खोलीत कुंडीत ठेवले की त्यांच्या दृष्टीने वर्षभर हिवाळ्यानंतरचे कोरडे दिवसच चालू असतात.

पानाच्या आतली हवा नेहमी वाफेने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. बाहेरच्या हवेत जितकी तूट, तितक्या जोराने पाणी पर्णरंध्रांतून बाहेर ओढले जाते. आर्द्रता 75 टक्के असताना तूट 25 टक्क्यांची असते. 50 टक्क्यांवर ती दुप्पट होते. मुळांना तेवढे पाणी वेळेवर पुरवता आले नाही, तर शिरांपासून सर्वांत लांब असलेला भाग, म्हणजे पानाची कडा, आधी वाळतो. त्यात एसीचा झोत थेट पानावर येत असेल, तर पानाला चिकटून राहणारा ओलसर हवेचा पातळ थर सतत उडून जातो. आर्द्रतामापकावर आकडा तोच राहतो, पण पानापुरती हवा त्याहून कितीतरी कोरडी झालेली असते. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: कुंडी झोताच्या वाटेतून हलवणे. झोत पोहोचतो का हे पाहायला एक पातळ कागदी पट्टी कुंडीच्या काठीला बांधून एसी चालू करावा. पट्टी हलली तर झाडही हलवावे.

खरी फसगत पुढे होते. कडा तपकिरी दिसल्या की झाड तहानलेले आहे असे समजून पाणी वाढवले जाते. पण खोली गार, ऊन नाही, उजेड कमी. त्यामुळे कुंडीतली माती, विशेषतः नर्सरीतून येणारी चिकट लाल माती, तळाशी दिवसेंदिवस ओली राहते. वर हवा कोरडी आणि खाली चिखल, असा प्रकार होतो. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळे पाणी वर पोहोचवू शकत नाहीत. मग पाने गुंडाळतात, ते पाहून आणखी पाणी घातले जाते. एसीच्या खोलीत मेलेल्या कॅलाथियांपैकी बऱ्याच कोरड्या हवेने नव्हे, या पाण्याने मेलेल्या असतात.

फरक ओळखायला कुंडी उचलून पाहणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. पाने गुंडाळलेली आणि कुंडी हलकी असेल तर तहान आहे. पाने गुंडाळलेली आणि कुंडी जड असेल तर मुळांत बिघाड आहे आणि पाणी थांबवायला हवे. पानाची कडा कुरकुरीत तपकिरी पण उरलेले पान हिरवे, ताठ असेल तर दोष हवेचा. खालची पाने पिवळी पडून देठ बुडाशी मऊ झाले आणि मातीला आंबूस वास आला तर दोष मातीचा. नवे पान गुंडाळीतून सुटताना अडकले, फाटले किंवा उघडलेच नाही, तर तीही बहुधा हवा कोरडी असल्याची खूण. कॅलाथियाची पाने रात्री उभी होतात आणि दिवसा पसरतात. देठाच्या टोकाशी असलेल्या फुगीर सांध्यात पाणी भरले-ओसरले की ही हालचाल होते. ती चालू आहे तोवर, कडा थोड्या वाळल्या असल्या तरी, झाड ठीक आहे असे समजायला हरकत नाही.

ठाण्यातल्या एखाद्या शयनगृहाचे उदाहरण घेऊ. एसी रात्री दहा ते सकाळी सहा चालतो. एसीसमोरच्या टेबलावर कॅलाथिया ऑर्बिफोलिया आणि तिच्या शेजारी हंसराज. दोन्हींच्या कडा वाळत आहेत. आधी मोजणी करावी लागते, आणि मोजणीआधी मापकाची परीक्षा. साध्या मिठाचे दोन चमचे चार-पाच थेंब पाण्याने ओले करून, एका झाकणात ठेवून, मापकासह झिपच्या पिशवीत सात-आठ तास बंद ठेवावेत. ओल्या मिठावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. मापकाने 70 दाखवले तर पुढच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे. मग मापक पानांच्या उंचीवर ठेवून एसी लावण्याआधी, मध्यरात्री आणि सकाळी नोंद घ्यावी. संध्याकाळी 70, रात्री 48 आणि दुपारी पुन्हा 70 असे काहीसे चित्र दिसेल. हे चित्र दिसते तितके वाईट नाही. रात्री पर्णरंध्रे बरीचशी मिटलेली असतात, त्यामुळे रात्रीच्या कोरडेपणाचा फटका कमी बसतो. दिवसभर एसी चालणाऱ्या कचेरीत हेच झाड जास्त सोसते.

आता आर्द्रता वाढवण्याचे पाहू. या खोलीची हवा 50 टक्क्यांवरून 65वर न्यायला फक्त शंभरेक मिलिलिटर पाणी लागते, अर्धी वाटी. तरीही स्प्रेने फवारून ते साधत नाही. बाटलीतले पाणी पानावर बसते, थोड्या वेळात वाळते, आणि एसी चालू असला की तीच वाफ कॉइलवर जाऊन नळीतून बाहेर पडते. उलट कडक पाण्याचे पांढरे डाग पानावर राहतात आणि गार हवेत ओली राहिलेली पाने बुरशीला बळी पडतात. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीचा उपाय निरुपद्रवी आहे; त्याने कुंडीच्या आसपास एक-दोन टक्क्यांचाच फरक पडतो. ह्युमिडिफायर तासाला 200-300 मिलिलिटर पाणी सोडतो, तेव्हा झाडाच्या जवळ ठेवला तर त्या कोपऱ्यात उपयोग होतो. पूर्ण खोली ओली करायला गेले तर एक यंत्र पाणी सोडते, दुसरे ते काढते, आणि वीजबिल दोन्हींचे येते. एसीचे ‘ड्राय’ बटण मात्र अशा खोलीत कायम टाळावे.

म्हणून खोलीची हवा बदलण्याऐवजी झाडाभोवतीची हवा वेगळी करणे शहाणपणाचे. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी 1829मध्ये पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीत ओल्या मातीतून नेचा उगवलेला पाहिला. त्यांच्या बागेत लावलेले नेचे तोवर कोळशाच्या धुराने मरत होते. त्या बाटलीपासून निघालेल्या काचपेट्यांतून पुढे जगभर झाडांची वाहतूक झाली. वरच्या उदाहरणातल्या हंसराजाला तोच न्याय लावता येतो: माशांची जुनी काचेची टाकी, तळाशी थोडी खडी, वर कोकोपीट आणि गांडूळखताचे मिश्रण, आणि वर काच अर्धवट सरकवलेली. टाकी थेट उन्हात ठेवायची नाही, नाहीतर आत झाड शिजते. सकाळी काचेवर थोडे धुके असणे ठीक. ते दिवसभर हटत नसेल तर पाणी जास्त झाले आहे, काच जरा अधिक उघडावी. टाकीत पाणी घालायची वेळ काही आठवड्यांनी येते. हंसराजाचा वाळलेला पाला परत हिरवा होत नाही, तो मातीलगत कापून टाकावा. मूळ जिवंत असेल तर काही आठवड्यांत नवे कोंब वळ्या घेऊन वर येतात.

कॅलाथियाला टाकी पुरत नाही. तिला झोताबाहेरच्या भिंतीशी, इतर कुंड्यांच्या घोळक्यात आणि खिडकीच्या पडद्याआडून येणाऱ्या उजेडात ठेवावे. मिश्रण कोकोपीट, पर्लाइट आणि झाडाच्या सालीचे तुकडे यांचे, म्हणजे पाणी थांबत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून तिथे कोरडे वाटले तरच पाणी द्यावे. पाणी कोणते यालाही महत्त्व आहे, कारण बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने टोके जळतात आणि तो दोष पुन्हा हवेवर जातो. आरओच्या शुद्ध पाण्याने काम होते, पण फिल्टरमधून वाया जाणारे पाणी घालू नये. त्यात क्षार नेहमीपेक्षा जास्त असतात. पावसाचे पाणी उत्तम. एसीच्या नळीतून टपकणारे पाणीही जवळजवळ क्षाररहित असते, ते बादलीत साठवून घालता येते. कॉइल रसायनाने धुतल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस मात्र टाकून द्यावे. त्यात खनिजे नसल्याने महिन्यातून एकदा पातळ द्रवखत लागते.

कोरड्या हवेत आणखी एक पाहुणा येतो, लाल कोळी. पानाखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले की पांढरा कागद पानाखाली धरून पान झटकावे. कागदावर धुळीएवढे ठिपके चालताना दिसले तर पानाच्या दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसून काढाव्यात आणि आठवड्याने पुन्हा पुसाव्यात, कारण अंडी पहिल्या खेपेला सुटतात.

विदर्भात हा प्रश्नच वेगळा आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेरचीच हवा इतकी कोरडी असते की एसीला काढायला पाणी फारसे उरत नाही. तिथे कूलर असलेली खोली कॅलाथियाला जास्त मानवते, फक्त कुंडी वाऱ्याच्या वाटेत नको. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या कुंड्या सावलीच्या बाल्कनीत ठेवाव्यात. ऑक्टोबरात त्या परत आत आणताना पहिले दहा-बारा दिवस एसी नसलेल्या खोलीत ठेवल्या तर पाने वाळत नाहीत. आणि एसी दिवसभर चालणार असेल, टाकीही ठेवायची नसेल, तर हंसराजाचा हट्ट सोडून पक्ष्याच्या घरट्यासारखा दिसणारा ॲस्प्लेनियम नेचा घ्यावा. त्याची पाने जाड आणि मेणचट असतात, कोरडेपणा ती बराच सोसतात. पाणी मात्र मधल्या खळग्यात न ओतता मातीच्या कडेने घालावे.