सहाशे उत्तरं आणि परीक्षकाचं एक वाक्य

शोधनिबंध परत येतो तेव्हा सोबतच्या शेऱ्यांमध्ये बहुधा एक वाक्य असतंच: ‘तुमचा नमुना प्रातिनिधिक नाही.’ वाचून आधी राग येतो. महिनाभर लोकांच्या मागे लागून फॉर्म भरून घेतलेले असतात. मग रागाच्या भरात पहिलं उत्तर सुचतं ते म्हणजे ‘पण आमच्याकडे सहाशे जण आहेत!’

हे उत्तर पाठवू नये. संख्या मोठी असली की नमुना आपोआप सुधारतो, असं नसतं. अमेरिकेत २०२१ साली फेसबुकमार्फत लसीकरणाची पाहणी चालू होती. दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरं देत. तरी मे महिन्यात किमान एक डोस घेतलेल्या प्रौढांचं प्रमाण तिने प्रत्यक्षापेक्षा १७ टक्केबिंदूंनी जास्त दाखवलं. त्याच काळात जेमतेम हजार माणसांची, पण काळजीपूर्वक निवडलेली दुसरी पाहणी सत्याच्या बरीच जवळ होती. ज्यांनी उत्तर दिलं ते न देणाऱ्यांपेक्षा वेगळे असतील, तर संख्या वाढवून चूकच पक्की होते.

मग लिहायचं काय? एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते कल्पिलेले आहेत. डॉक्टरांना न विचारता अँटिबायोटिक घेणाऱ्यांची पाहणी. गूगल फॉर्म सोसायट्यांच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. सहाशे उत्तरं आली, त्यांत ३६० पदवीधर. पदवीधरांपैकी ३० टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं, बाकीच्या २४० जणांपैकी ५० टक्क्यांनी. एकूण ३८ टक्के. निबंधाचं शीर्षक: ‘जिल्ह्यातील प्रौढांमधील अँटिबायोटिकचा परस्पर वापर’.

आता धरून चला, की जिल्ह्यात पदवीधर २० टक्केच आहेत. आपल्या नमुन्यात ते ६० टक्के झाले. म्हणून प्रत्येक पदवीधराचं उत्तर एक तृतीयांश मोजायचं आणि इतरांचं दुप्पट. याला भार देणं म्हणतात. नवा आकडा येतो ४६ टक्के. हे फुकट मिळत नाही. काही उत्तरं फुगवली, काही दाबली, त्यामुळे सहाशे माणसांचं वजन या हिशेबात साधारण ३६० माणसांइतकंच उरतं. परीक्षकाला हे दोन्ही आकडे सांगावेत: ३८चे ४६ झाले हेही, आणि सहाशेचे ३६० झाले हेही. (भार देण्यासाठी जनगणना वापरली असेल, तर ती २०११ची आहे हेसुद्धा सांगावं. परीक्षकाला ते ठाऊक असतंच.)

इथेच मोह होतो. भार दिला, म्हणजे नमुना प्रातिनिधिक झाला, असं लिहावंसं वाटतं. तसं झालेलं नसतं. आपण फक्त शिक्षणाचा तराजू जुळवला. आपल्या ग्रुपांमध्ये असलेले, आरोग्यावरचा फॉर्म उघडून शेवटपर्यंत भरणारे बिगरपदवीधर हे बाकीच्या बिगरपदवीधरांसारखेच आहेत, असं मानून हा हिशेब झाला आहे. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांचं तर एकही उत्तर नाही, आणि शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. फॉर्म किती जणांनी पाहिला हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे शंभरातल्या किती जणांनी उत्तर दिलं हेही सांगता येत नाही. तरीही काही लेखक ‘चूक अधिक-उणे ४ टक्के’ असं छापतात. ती पट्टी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या माणसांसाठी असते. ग्रुपावर फिरलेल्या फॉर्मला ती लावणं म्हणजे दिखाऊ नेमकेपणा.

मग पत्रात असं लिहिता येईल: ‘परीक्षकांचा आक्षेप मान्य आहे. फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरल्यामुळे स्मार्टफोन नसलेल्यांपर्यंत आम्ही पोहोचलो नाही आणि पदवीधरांची संख्या प्रमाणाबाहेर आहे. शिक्षणानुसार भार दिल्यावर प्रमाण ३८ वरून ४६ टक्के होते. हा आकडा जिल्ह्याचा अंदाज म्हणून आम्ही मांडत नाही. कमी शिकलेल्या उत्तरदात्यांमध्ये परस्पर वापर अधिक आढळला, हे निरीक्षण या नमुन्यापुरते ठेवले आहे. शीर्षक, गोषवारा आणि निष्कर्ष त्यानुसार बदलले आहेत.’

शेवटचं वाक्य खरं असायला हवं. अनेकदा पत्रात नम्रपणे सगळं कबूल केलेलं असतं आणि गोषवाऱ्यात मात्र ‘जिल्ह्यातील ३८ टक्के प्रौढ’ तसेच बसलेले असतात. चाणाक्ष परीक्षक पत्र बाजूला ठेवून आधी गोषवारा उघडतो. मर्यादांचा परिच्छेद शेवटी कोपऱ्यात टाकला आणि वरचे दावे तसेच राहिले, तर निबंध पुन्हा त्याच शेऱ्यासह परत येतो.

उलट टोकही गाठू नये. ‘हा केवळ प्राथमिक प्रयत्न आहे, यातून काहीच सिद्ध होत नाही’ असं लिहिलं, तर संपादक रास्तपणे विचारतात, मग छापायचं कशाला? आपल्या सहाशेंमध्ये २२८ जणांनी डॉक्टरांशिवाय अँटिबायोटिक घेतल्याचं स्वतः सांगितलं, एवढं तरी पक्कं आहे. ती कुठून मिळाली, कोणत्या तक्रारीसाठी घेतली, किती दिवसांत बंद केली, हे फॉर्ममध्ये विचारलं असेल तर निबंधाचा खरा ऐवज तोच. नवं शीर्षक त्यावर बेतावं: ‘डॉक्टरांशिवाय अँटिबायोटिक: ऑनलाइन पाहणीतील ६०० उत्तरदात्यांची कारणे’. ‘जिल्हा’ हा शब्द त्यात नाही.