धोतऱ्याचा भ्रम सुखाचा का नसतो?

जुलै २००८. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातील एका घरी जेवायला बटाट्याचा रस्सा आणि पाव होता. रश्शात कांदा, लसूण, टोमॅटो, करी पावडर आणि अंगणातून खुडून आणलेला थोडा पाला पडला होता. घरातल्या सहा जणांनी तो खाल्ला. तासाभराने एक नातेवाईक तिथे आला, तेव्हा जेवलेली माणसे हसत सुटली होती, असंबद्ध बडबडत होती आणि तिथे नसलेल्या गोष्टी त्यांना दिसत होत्या. सहाही जणांना रुग्णालयात नेले, तोवर त्यांतल्या दोघांची शुद्ध हरपली होती. डॉक्टरांना आधी हवे होते ते एकच उत्तर : काय खाल्ले? ते देण्याच्या अवस्थेत सहांपैकी एकही जण नव्हता. पाला धोतऱ्याचा होता, हे नंतर कळले.

या कुटुंबाला नशा करायची नव्हती. पण 'काहीतरी भन्नाट दिसेल' म्हणून मुद्दाम धोतरा खाणारेही याच अवस्थेत रुग्णालयात येतात. एलएसडी किंवा मॅजिक मशरूम घेतलेल्या माणसाला रंग वितळताना किंवा भिंती श्वास घेताना दिसतात. मात्र आपण काहीतरी घेतले आहे आणि हा त्याचाच परिणाम आहे, ही जाणीव त्याला बहुधा असते. धोतऱ्याने नेमकी ही जाणीवच जाते.

यामागे दोन वेगळी रसायने आहेत. एलएसडी आणि मशरूममधील सिलोसायबिन हे मेंदूतील सेरोटोनिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला चेतवतात. धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन कशालाही चेतवत नाहीत. ती अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहकाची जागा अडवून बसतात. संदेश निघतो, पण पोहोचत नाही. बेलाडोना, खुरासानी ओवा, बागेत लावतात ती लोंबत्या कर्ण्यांसारख्या फुलांची ब्रुगमान्सिया, या सगळ्या वनस्पती धोतऱ्याच्याच कुळातल्या आणि त्यांचे विषही याच जातीचे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींचे काही पुंजके अ‍ॅसिटिलकोलिन तयार करून ते मेंदूच्या बाह्यपटलाला आणि स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसला पुरवतात. लक्ष एका जागी ठेवणे आणि डोळ्या-कानांतून आलेल्या खऱ्या माहितीला मनातल्या अटकळींपेक्षा जास्त वजन देणे, ही कामे त्याच्या जोरावर चालतात. जागेपणीही मेंदू सतत अंदाज बांधत असतो. कोपऱ्यातला कोट क्षणभर माणूस वाटतो आणि दुसऱ्याच क्षणी डोळे तो अंदाज खोडून काढतात. अ‍ॅसिटिलकोलिनचा मार्ग अडला, की ही खोडण्याची क्रिया थांबते आणि कोटाचा माणूसच होतो. रोगी त्याच्याशी बोलतो, त्याला घाबरतो, कधी त्याच्या अंगावर धावून जातो.

म्हणूनच या भ्रमात नक्षीदार आकृत्या क्वचितच असतात. रोगी समोर नसलेल्या नातेवाइकाशी गप्पा मारतो, बोटांत नसलेली सिगारेट ओढतो, चादरीवरचे नसलेले किडे वेचत राहतो. दृश्य साधेच असते, पण ते खोटे आहे हे सांगणारे मनात कोणी उरलेले नसते. गॅलरीच्या पलीकडे पायरी दिसली, तर तो पाय टाकतो.

या तर्काला एका वेगळ्याच आजारातून दुजोरा मिळतो. लुई बॉडी डिमेन्शिया या वृद्धापकाळातील विकारात अ‍ॅसिटिलकोलिन पुरवणाऱ्या पेशी झडतात आणि रुग्णांना घरात अनोळखी माणसे, लहान मुले, प्राणी दिसू लागतात. मेंदूतील अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून धरणारे रिव्हास्टिग्मिनसारखे औषध दिले, की अनेकांचे हे भास कमी होतात.

स्मृतीचेही तसेच. हिप्पोकॅम्पसला संदेश न मिळाल्याने त्या वेळच्या घटना साठवल्याच जात नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे बाळंतिणींना मॉर्फिनसोबत स्कोपोलामिन देत. त्या कळांनी ओरडत, पण नंतर त्यांना काही आठवत नसे. त्याच्या कितीतरी आधी, १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या यान हुयगेन व्हान लिन्शोटेन या डच माणसाने नवऱ्यांना पेयातून धोतरा देणाऱ्या बायकांविषयी लिहून ठेवले आहे. नवऱ्याचे डोळे उघडे असतात, तो हसत असतो, समोर काय चालले आहे ते त्याला कळत नाही आणि शुद्धीवर आल्यावर आपल्याला झोप लागली होती असे त्याला वाटते, असे लिन्शोटेन म्हणतो. बायकांबद्दलचा त्याचा मजकूर बाजारगप्पांसारखा असला, तरी लक्षणांचे वर्णन आजच्या वैद्यकाशी जुळते. प्रवाशांना अन्नातून धोतऱ्याचे बी देऊन लुटणाऱ्यांनाही हीच विस्मृती सोयीची होती. हे बी मिरचीच्या बियांसारखे दिसते, त्यामुळे ते भाजीत सहज खपून जाते.

अ‍ॅसिटिलकोलिन केवळ मेंदूत नसते, म्हणून प्रकरण रुग्णालयापर्यंत जाते. त्याचा संदेश अडला की लाळ आटते आणि घशाखाली घोट उतरत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, जवळचे धूसर दिसते. नाडी धावू लागते. लघवी तुंबते, मूत्राशय फुगतो आणि त्या वेदनेने गोंधळलेला माणूस आणखी बेभान होतो. घाम येणे बंद होते. अशात तो धडपडत, झटापट करत राहिला तर ताप धोकादायक पातळीवर चढतो. आतड्यांची हालचाल मंदावल्याने गिळलेल्या बिया पोटातच रेंगाळतात आणि विष हळूहळू रक्तात उतरत राहते. त्यामुळे भ्रम काही तासांत न ओसरता एक-दोन दिवस, कधी त्याहूनही लांबतो. विषाचे प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक आणि एकाच झाडाच्या भागांगणिक बदलते, त्यामुळे 'थोडेसेच खाल्ले' याला अर्थ नसतो. महाशिवरात्रीला शंकराला वाहायला घरात आलेले काटेरी फळ लहान मुलांच्या हाती लागू न देणे म्हणूनच महत्त्वाचे.

रुग्णालयातल्या नेहमीच्या अमली पदार्थ तपासणीत धोतरा सापडत नाही. डॉक्टर तो शरीरावरून ओळखतात. घाबरलेल्या, बरळणाऱ्या माणसाला दुसऱ्या एखाद्या नशेमुळे घाम फुटलेला असतो. धोतऱ्याच्या रोग्याची काख मात्र कोरडी लागते आणि स्टेथोस्कोप पोटावर ठेवला तर आतड्यांचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. मग त्याला शांत खोलीत ठेवतात, बेन्झोडायझेपिन गटातले औषध देऊन झटापट थांबवतात, अंग गार करतात आणि नळी घालून लघवी मोकळी करतात.

यावर एक उतारा आहे आणि तोही एका विषातूनच आला. पश्चिम आफ्रिकेत आरोपीचा खरेखोटेपणा ठरवण्यासाठी त्याला एक विषारी घेवडा खायला लावत. त्या घेवड्यातल्या फायसोस्टिग्मिनमुळे अ‍ॅसिटिलकोलिनचे विघटन थांबते, त्याचा साठा वाढतो आणि तो अडून बसलेल्या अ‍ॅट्रोपिनला बाजूला सारतो. १८६४ मध्ये प्राग येथे अ‍ॅट्रोपिनची विषबाधा झालेल्या रोग्यांवर फायसोस्टिग्मिन वापरले गेले. ते मेंदूत शिरू शकते, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याच नातेवाइकांना न ओळखणारा रोगी इंजेक्शननंतर काही मिनिटांत नाव सांगू लागतो, 'मी इथे कसा?' असे विचारतो. मात्र हे औषध वेगाने दिले तर हृदयाची गती घसरू शकते किंवा झटके येऊ शकतात, म्हणून ते सावकाश आणि हृदयाच्या आलेखावर नजर ठेवूनच द्यावे लागते. शिवाय त्याचा अंमल साधारण तासाभराचा, तर धोतऱ्याचा दिवसाहून अधिक. म्हणून रोगी भानावर आला, नीट बोलू लागला, तरी डॉक्टर त्याला घरी सोडत नाहीत. पुढच्या तासाभरात तो पुन्हा चादरीवरचे किडे वेचू लागण्याची शक्यता असते.