शून्याआड दडलेली साखर

पाकीटबंद खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर पोषणमूल्यांचा एक लहानसा तक्ता छापलेला असतो. भारतात तयार झालेल्या पदार्थांवर हे आकडे बहुधा १०० ग्रॅमला दिलेले आढळतात. अमेरिकेतून आलेल्या पाकिटावर मात्र ते एका ‘सर्व्हिंग’ला, म्हणजे एका वेळच्या वाट्याला, दिलेले असतात. परदेशी राहणाऱ्या आप्तांनी आणलेल्या खाऊचा तक्ता वाचताना हा भेद ध्यानी घेतला नाही, तर वाचणारा सहज फसतो.

समजा, बिस्किटांचे दोन पुडे समोर आहेत. पहिल्यावर लिहिले आहे : एक वाटा २ बिस्किटे (२० ग्रॅम), साखर ५ ग्रॅम. दुसऱ्यावर लिहिले आहे : एक वाटा ४ बिस्किटे (४० ग्रॅम), साखर ८ ग्रॅम. पाच आणि आठ एवढेच पाहिले, तर पहिला पुडा कमी गोड वाटतो. पण हे दोन आकडे एका मापाचे नाहीत. पहिल्याचे पाच वाटे घेतले म्हणजे १०० ग्रॅम भरतात व त्यांत २५ ग्रॅम साखर येते. दुसऱ्याचे अडीच वाटे पुरतात आणि त्यांत साखर २० ग्रॅमच निघते. कमी गोड आहे तो दुसरा पुडा!

तुलना झाली, तरी पोटात किती गेले हा प्रश्न उरतोच. पहिल्या पुड्यातील सहा बिस्किटे ज्याने खाल्ली, त्याने तीन वाटे खाल्ले. म्हणजे १५ ग्रॅम साखर. तक्त्यावरील ५ हा आकडा दोन बिस्किटांवर थांबणाऱ्यासाठी आहे, आणि असे थांबणारे थोडेच.

वाटा म्हणजे वैद्याने सांगितलेले पथ्य नव्हे. लोक साधारणपणे एका वेळी किती खातात, यावरून अमेरिकेत तो ठरवितात. २०१६ साली तेथील नियम बदलले, तेव्हा आइस्क्रीमचा वाटा अर्ध्या कपावरून दोन-तृतीयांश कपावर गेला. ज्या तक्त्यावर पूर्वी १५ ग्रॅम साखर दिसली असती, तेथे आता २० ग्रॅम दिसू लागणार; आइस्क्रीम मात्र होते तेच.

एके ठिकाणी हा गुणाकारही निरुपयोगी ठरतो. एका वाट्यात अर्ध्या ग्रॅमहून कमी साखर असेल, तर अमेरिकेच्या नियमानुसार तक्त्यात ती शून्य दाखविता येते. आता पुदिन्याची एखादी चिमुकली गोळी घ्या. तिचे वजनच अर्ध्या ग्रॅमहून किंचित कमी, आणि एक गोळी हाच एक वाटा. ती जवळजवळ सगळी साखरेची असली, तरी तक्त्यात साखर ० ग्रॅम! शून्याला दोनशेंनी गुणले तरी शून्यच येणार. अशा वेळी तक्ता बाजूला ठेवून घटकद्रव्यांची यादी वाचावी. तीत जो घटक वजनाने सर्वांत अधिक, तो प्रथम लिहावा लागतो. त्या गोळ्यांच्या डबीवर पहिलाच शब्द ‘साखर’ असतो.