जुन्या लॅपटॉपमधल्या आपल्या फाइली

नोकरी सुटते, लॅपटॉप जमा होतो आणि आठवड्याने आठवतं की बाबांचे हॉस्पिटलचे कागद त्यातच राहिले. माझंही असंच झालं. घाईत मी एचआरला लिहिलं, ‘माझा पर्सनल डेटा हवा आहे.’ उत्तरच आलं नाही. येणार कसं? कोणती फाइल, कुठे आहे, हे कुणी शोधत बसायचं?

दुसरा मेल माझ्या खासगी पत्त्यावरून एचआरला आणि आयटीला एकत्र पाठवला:

‘माझा एम्प्लॉयी कोड आणि लॅपटॉपचा अॅसेट नंबर खाली दिला आहे. लॅपटॉप मी १२ तारखेला जमा केला. Desktop वरच्या Baba_Reports या फोल्डरमध्ये १४ पीडीएफ आहेत. त्यात कंपनीचं काही नाही, आपण तपासून पाहावं. मला लॉगिन नको, फक्त प्रत हवी. तोपर्यंत कृपया लॅपटॉप फॉरमॅट करू नये.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. जमा झालेला लॅपटॉप पुसून दुसऱ्याला दिला जातो. एन्क्रिप्ट केलेली डिस्क एकदा पुसली की फाइली परत मिळण्याची आशा जवळजवळ संपते. मग वनड्राइव्हची प्रत राहिली आहे का, हे विचारावं. खातं डिलीट झाल्यावर ती साधारणपणे ३० दिवस टिकते, कंपनीने मुदत बदलली नसेल तर.

कामाच्या फाइली मात्र मागू नका, ‘नमुना म्हणून’सुद्धा नाही. त्या कंपनीच्या असतात, आणि त्यांच्यामुळे सगळी विनंतीच अडकते.

मला १४ पैकी १४ पीडीएफ चौथ्या दिवशी मिळाल्या.