बॅगेतल्या सुरकुत्या आणि वाफ

सुती सदरा बॅगेत चुरगळतो, पण लोकरीचं जाकीट तितकं चुरगळत नाही. फरक धाग्यातच आहे. सुतातले आणि लिननमधले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. दमट हवेत किंवा घामाने ओलावा मिळाला, वर दाब पडला, की हे बंध सुटतात आणि घडीच्या नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणून घामेजलेला सदरा बॅगेत कोंबला तर सुरकुती पक्की बसते. लोकरीचा धागा मुळातच कुरळा, स्प्रिंगसारखा. दाब गेला की तो मूळ आकाराकडे परततो. पॉलिएस्टर पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे त्यावर घडी कमीच उमटते.

वाफेला सर्वांत छान दाद देते ती लोकर. मुक्कामी पोहोचल्यावर जाकीट रुंद हँगरला अडकवा, गरम पाणी सोडून न्हाणीघरात वाफ कोंडा आणि पंधरा-वीस मिनिटं ते तिथे राहू द्या. मग बाहेर पूर्ण वाळवा; ओलसर घातलंत तर कोपरावर नव्या चुण्या पडतील. लिननला मात्र एवढ्याने भागत नाही, त्याला ओलावा आणि इस्त्रीचा दाब दोन्ही लागतात. रेशमावर थेंब पडला तर डाग राहू शकतो, म्हणून वाफ दुरूनच द्या. प्रवासात एकच चांगला पोशाख न्यायचा असेल, तर हलक्या लोकरीचा न्या.