कॉम्प्युटरचा ठोका मुद्दाम का डळमळवतात?

लोणंदच्या बाजारपेठेत दुकानातल्या कॉम्प्युटरशेजारी एफएम रेडिओ ठेवला, की कधी खरखर वाढते. मदरबोर्डवरचा 100 मेगाहर्ट्झचा ठोका एफएमच्या पट्ट्यातच येतो. त्यावर उपाय ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’. हा वेग सेकंदाला सुमारे 30 हजार वेळा 100 आणि 99.5 मेगाहर्ट्झ यांच्यामध्ये खाली-वर केला जातो. ऊर्जा तेवढीच राहते. एका जागचा टोकदार उंचवटा पसरून बुटका होतो, इतकेच. कचरा उचलला नाही, पसरवला!

किंमत वेळेत मोजावी लागते. सरासरी वेग पाव टक्का घटतो. 100 मेगाहर्ट्झ धरून हेच ठोके मोजत वेळ ठेवली, तर घड्याळ दिवसाला 216 सेकंद मागे पडेल. तारीख-वेळेसाठी मात्र वेगळा 32,768 हर्ट्झचा क्रिस्टल असतो. बायोसमध्ये Spread Spectrum बंद करता येते. रेडिओची खरखर मात्र वाढू शकते.